"दादा, हे नंबर आले कुठून?" : हा प्रश्न मी उशिरा विचारला

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना आलेले 'अं', 'म्हणजे' आणि मागून आलेला कुकरच्या शिट्टीचा आवाज काढून टाकला आहे. बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा एपिसोड थोडा कबुलीजबाबासारखा आहे. आपल्या सगळ्यांना नको ते कॉल येतात, आपण चिडतो, नंबर ब्लॉक करतो आणि विसरतो. पण गेल्या दिवाळीच्या आधी मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला होतो. नको ते कॉल जाण्यात माझा हात होता. कसा ते सांगतो, आणि त्या निमित्ताने हे नियम नेमके काय म्हणतात तेही बघूया.

माझ्या मामेभावाचं चष्म्याचं दुकान आहे. छोटंच, तो आणि कामाला दोन मुली. दिवाळीच्या तीन आठवडे आधी त्याने मला एक एक्सेल फाइल पाठवली. सोबत मेसेज, "तू इंजिनिअर ना, जरा साफ करून दे. डबल नंबर काढ. दिवाळी ऑफरचे फोन करायचेत." मी जेवता जेवता दहा मिनिटांत काम उरकलं. ३,८०० ओळी होत्या, त्यातल्या २९० दुबार निघाल्या, ३,५१० उरल्या. फाइल परत पाठवली आणि वर लिहिलं, "झालं दादा, मिठाई विसरू नको."

पुढे चार दिवस त्या दोन मुली दुकानाच्या दोन सिमवरून रोज साधारण दीडशे फोन करत होत्या. "नमस्कार सर, दुसऱ्या चष्म्यावर पन्नास टक्के सूट." पाचव्या दिवशी सकाळी दादाचा मला व्हॉट्सॲप कॉल आला. "अरे, दोन्ही सिमवरून फोनच लागत नाहीत. येतायत, पण जात नाहीत. मेसेजपण जात नाही. काय केलंस तू त्या फाइलमध्ये?"

फाइलमध्ये मी काहीच केलं नव्हतं. तीच तर चूक होती.

बाहेर जाणारे फोन का बंद झाले?

भारतात व्यावसायिक फोन आणि एसएमएससाठी ट्रायचं २०१८ चं विनियमन आहे. ट्राय म्हणजे टेलिकॉम क्षेत्राचं नियमन करणारी संस्था. फेब्रुवारी २०२५ मध्ये ट्रायने त्यात मोठे बदल केले, आणि दादा नेमका त्या बदलांत अडकला.

आधी असं होतं की नोंदणी नसलेल्या माणसाविरुद्ध सात दिवसांत दहा तक्रारी आल्या तर कारवाई सुरू व्हायची. आता दहा दिवसांत पाच वेगवेगळ्या लोकांच्या तक्रारी पुरतात. पहिल्या वेळी त्या व्यक्तीच्या नावावरच्या सगळ्या कनेक्शन्सचे बाहेर जाणारे कॉल आणि मेसेज १५ दिवस बंद होतात. सगळ्या, म्हणजे ज्या सिमवरून फोन केला तेवढीच नाही. पुन्हा तेच केलं तर वर्षभरासाठी कनेक्शनच जातं आणि नाव काळ्या यादीत.

आता हिशोब बघा. चार दिवसांत सहाशे फोन झाले. त्यातले पाच लोक चिडायला कितीसा वेळ लागणार? शंभरातला एकही नाही झाला हा.

दादाचं पहिलं वाक्य ठरलेलं होतं, "पण मी डीएनडीवाल्यांना थोडीच फोन केले? मला काय माहीत कोण डीएनडीवर आहे!" यात दोन गैरसमज आहेत. पहिला म्हणजे, डीएनडी लावलेलं नसेल त्याला कसाही फोन केलेला चालतो. चालत नाही. साध्या दहा आकडी नंबरवरून जाहिरातीचे फोन करायलाच मनाई आहे, समोरचा डीएनडीवर असो वा नसो. २०२५ च्या बदलानंतर तक्रार करायलाही डीएनडीवर असावं लागत नाही. दुसरा गैरसमज म्हणजे, डीएनडीची यादी कुठेतरी बघायला मिळते आणि आपण ती आपल्या एक्सेलशी जुळवून घ्यायची. तशी यादी दुकानदाराच्या हातात येत नाही. येऊही नये, कारण "मला फोन करू नका" म्हणणाऱ्या लोकांच्या नंबरांची यादी बाजारात फिरली तर तीच विकली जाईल! जुळवणी ऑपरेटरच्या यंत्रणेत होते. नोंदणीकृत मार्गाने तुम्ही कॉल किंवा मेसेज पाठवता, तो तिथल्या चाळणीतून जातो आणि ज्याची पसंती 'नको' आहे त्याचा नंबर तिथेच गळतो. याला त्या क्षेत्रात 'स्क्रबिंग' म्हणतात. स्वतःच्या सिमवरून डायल केलं की ही चाळणी मध्ये येतच नाही.

एकच दुकान, दोन प्रकारचे फोन

इथे एक फरक नीट समजून घेऊया, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे.

"काकू, तुमचा चष्मा तयार आहे, संध्याकाळी या." हा सेवेचा फोन. तुम्ही ऑर्डर दिली, त्याबद्दलची माहिती तुम्हाला मिळाली. या फोनची तुम्ही वाटच बघत असता.

"काकू, दिवाळीत दुसऱ्या चष्म्यावर सूट आहे." हा प्रचाराचा फोन. दुकान तेच, काकू त्याच, नंबर तोच. पण काकूंनी नंबर दिला होता पहिल्या कामासाठी.

आणि "काकू, चष्मा तयार आहे, आणि हो, दुसऱ्यावर सूट पण आहे"? मेसेजच्या बाबतीत याचं उत्तर स्पष्ट आहे. सेवेच्या मेसेजमध्ये जाहिरातीची एक ओळ घातली की सगळा मेसेज प्रचाराचा धरला जातो. दुधात पाणी घातलं तर अर्धं दूध अर्धं पाणी असं वेगळं मोजत नाहीत, तसंच.

हा फरक आता तुम्हाला तुमच्या मोबाईलवरही दिसतो. कंपनीच्या नावाने येणाऱ्या एसएमएसच्या शेवटी एक अक्षर असतं. `-P` म्हणजे प्रचार, `-S` म्हणजे सेवा, `-T` म्हणजे व्यवहार (ओटीपी वगैरे) आणि `-G` म्हणजे सरकारी. कॉलसाठी प्रचाराचे नंबर १४० ने सुरू होतात, आणि सेवा-व्यवहाराच्या कॉलसाठी १६०० ची मालिका आहे. म्हणजे बँकेच्या नावाने एखाद्या साध्या दहा आकडी नंबरवरून "कार्ड घ्या" असा कॉल आला, तर नंबर बघूनच शंका यायला हवी.

ती ३,५१० माणसं कोण होती?

फोन बंद पडल्यावर मी त्या संध्याकाळी दादाला व्हिडिओ कॉल केला आणि जो प्रश्न आधी विचारायचा होता तो तेव्हा विचारला, "दादा, हे नंबर आले कुठून?"

उत्तर तीन भागांत आलं.

पहिला भाग, १,८४० नंबर, दुकानाच्या बिलांमधून. गेल्या सहा वर्षांचे गिऱ्हाईक. नंबर घेताना वाक्य एकच, "मोबाईल नंबर सांगा, चष्मा तयार झाला की कळवतो."

दुसरा भाग, ४६० नंबर, एका सोसायटीत घेतलेल्या मोफत नेत्र तपासणी शिबिरातले. कागदावर नाव, फ्लॅट नंबर, मोबाईल. लोकांना सांगितलं होतं की तपासणीचा कागद व्हॉट्सॲपवर पाठवू.

तिसरा भाग, १,५०० नंबर, विकत घेतलेले. कोणीतरी दुकानात आला, "चष्मा वापरणाऱ्यांची यादी आहे, सगळे ऑप्ट-इन आहेत सर," म्हणाला, आणि पेन ड्राइव्ह देऊन गेला.

आता संमतीच्या दृष्टीने या तिन्ही याद्या तपासूया.

इथे दुसरा कायदा येतो, डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ चा. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि व्यवसायांवरच्या मुख्य जबाबदाऱ्यांसाठी त्यात १८ महिन्यांची मुदत आहे. म्हणजे तयारीसाठी वेळ आहे, पण दिशा ठरलेली आहे. या कायद्यात संमतीचे जे गुण सांगितलेत ते सोप्या भाषेत असे : मोकळेपणाने दिलेली, एका ठरावीक कामासाठी, माहिती घेऊन, अट न घालता, आणि स्वतः काहीतरी कृती करून दिलेली. गप्प राहणं म्हणजे संमती नाही. आधीच टिक केलेला चौकोन म्हणजे संमती नाही.

याच कायद्यात एक उदाहरण दिलंय, ते मला फार आवडतं, कारण ते अगदी दादाच्या दुकानासारखं आहे. एक बाई औषधाच्या दुकानात खरेदी करते, आपणहून नंबर देते आणि पैसे मिळाल्याचा मेसेज पाठवा म्हणते. दुकानाला तो नंबर त्या पावतीसाठी वापरता येतो. बस, तेवढ्यासाठीच.

म्हणजे दादाची पहिली यादी 'चष्मा तयार आहे' यासाठी शंभर टक्के ठीक. दिवाळीच्या ऑफरसाठी नाही. दुसरी यादी तपासणीच्या कागदासाठी ठीक, आणि कागद पाठवून झाल्यावर तिचं काम संपलं. तिसरी यादी कशासाठीच ठीक नाही. "सगळे ऑप्ट-इन आहेत" असं कोणी म्हणालं तर त्याला तीन प्रश्न विचारा. कधी दिली संमती? कोणाला दिली? कशासाठी दिली? त्या माणसाने कधी एखाद्या ॲपवर 'ओके' दाबलं असेलही, पण ते ओके त्या ॲपला होतं. माझ्या दादाच्या दुकानाचं नावही त्याने ऐकलेलं नाही. संमती ही पेन ड्राइव्हमधून पुढे सरकवता येत नाही.

आणि जुन्या यादीची आणखी एक गंमत आहे. बंद झालेला मोबाईल नंबर ऑपरेटर किमान ९० दिवस बाजूला ठेवतात, आणि त्यानंतर तो दुसऱ्या कोणाला तरी देऊ शकतात. सहा वर्षांपूर्वीच्या बिलावरचा नंबर आज कोणा भलत्याच्याच खिशात असू शकतो. दुकानातल्या मुलीने मला सांगितलं, एका नंबरवर तिने "आजोबा, तुमचा चष्मा" म्हणून सुरुवात केली आणि पलीकडून कॉलेजचा मुलगा ओरडला, "कोण आजोबा?" संमती माणसाने दिलेली असते, नंबराने नाही.

माझी स्वतःची चूक

आता माझ्याबद्दल. ती फाइल मी परत उघडली तेव्हा लक्षात आलं की त्यात नाव आणि नंबर एवढंच नव्हतं. बिलाच्या सॉफ्टवेअरमधून सरळ काढल्यामुळे डोळ्यांचा नंबर, जन्मतारीख, पत्ता, सगळं होतं. १,८४० लोकांचं. माझ्या लॅपटॉपच्या डाउनलोड्समध्ये, दादाच्या व्हॉट्सॲपमध्ये, आणि दोन्ही मुलींच्या फोनमध्ये. दुबार नंबर काढायला मला यातलं काहीही लागत नव्हतं, फक्त नंबराचा रकाना पुरला असता.

ऑफिसमध्ये हीच फाइल कोणी मला अशी पाठवली असती तर मी नियम ऐकवले असते. घरच्या माणसाने पाठवली म्हणून मी विचारलं नाही. तुमच्यातले जे कोडिंग करतात त्यांना घरून अशी फाइल येणारच. "जरा साफ करून दे." तेव्हा साफ करायच्या आधी यादी कुठून आली ते विचारा, आणि कामाला लागतील तेवढेच रकाने मागा.

मग आम्ही काय केलं

पहिलं काम, विकत घेतलेली यादी पूर्ण पुसली. दादा जरा कुरकुरला, "पैसे दिलेत रे." मी म्हणालो, "त्या पैशांत पंधरा दिवसांचा बंद फोनपण आलाय." शिबिराचीही यादी पुसली. पेन ड्राइव्ह, व्हॉट्सॲपमधल्या फाइली, माझे डाउनलोड्स, सगळीकडून.

दुसरं काम, बिलांची यादी ठेवली, पण त्यात चार नवे रकाने जोडले. नंबर कुठून आला, कोणत्या कामासाठी संमती आहे, ती कधी दिली, आणि नोंद कोणी केली. १,८४० पैकी ऑफरसाठी संमती असलेले किती? शून्य. तो रकाना पूर्ण रिकामा होता. दादा त्या रिकाम्या रकान्याकडे बराच वेळ बघत होता.

तिसरं काम मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, आणि इथेच बहुतेक लोक चुकतात. चार दिवसांत ज्यांनी "परत फोन करू नका" म्हटलं होतं त्यांचं काय केलं, असं मी मुलींना विचारलं. त्या म्हणाल्या, "यादीतून खोडले." ऐकायला बरोबर वाटतं, पण विचार करा. पुढच्या वर्षी बिलांच्या सॉफ्टवेअरमधून नवी यादी काढली की तोच नंबर परत वर येणार, कारण तो माणूस 'नको' म्हणाला होता याची नोंदच खोडून टाकली. म्हणून 'नको' म्हणणाऱ्यांची एक वेगळी यादी जपून ठेवावी लागते. तिच्यात फक्त नंबर आणि तारीख. नाव नको, पत्ता नको. आणि फोन करायच्या आधी प्रत्येक वेळी नवी यादी तिच्यातून गाळायची.

गाळताना एक बारीक भानगड होते. एका यादीत नंबर `+91` लावून असतो, दुसऱ्यात नुसते दहा आकडे, तिसऱ्यात मध्ये स्पेस. संगणकाला हे तीन वेगळे नंबर वाटतात आणि 'नको' म्हणालेला माणूस चाळणीतून सुटतो. म्हणून आधी सगळे नंबर एकसारखे करायचे. ज्यांना कोड बघायचाय त्यांच्यासाठी, पायथॉनमध्ये एवढंच आहे :

```python
import pandas as pd

def saf(file):
    df = pd.read_excel(file, dtype=str)
    df["phone"] = df["phone"].str.replace(r"\D", "", regex=True).str[-10:]
    return df

yadi, nako = saf("yadi.xlsx"), saf("nako.xlsx")
ok = yadi[yadi["consent_for"].eq("offer")
          & ~yadi["phone"].isin(nako["phone"])]
```

शेवटच्या दोन ओळी बघा. ऑफरसाठी संमती असेल तरच, आणि 'नको' यादीत नसेल तरच. संमतीचा रकाना रिकामा असेल तर तो नंबर आपोआप बाहेर राहतो. रिकामं म्हणजे 'नको', 'हो' नाही. मी पहिल्या वेळी लिहिलेल्या कोडमध्ये यातली एकही ओळ नव्हती.

पण नीट लक्षात घ्या, ही आपली घरची चाळणी आहे. ऑपरेटरच्या स्क्रबिंगची जागा ती घेत नाही.

रीतसर करायचं असेल तर

एखाद्या व्यवसायाला प्रचाराचे कॉल-मेसेज करायचेच असतील तर रस्ता आहे. ऑपरेटरच्या डीएलटी पोर्टलवर व्यवसायाची नोंदणी करायची. डीएलटी म्हणजे ब्लॉकचेनच्या जातीची नोंदवही, जी सगळे ऑपरेटर मिळून चालवतात. तिथे तुमच्या नावाचा हेडर मंजूर करून घ्यायचा, म्हणजे मेसेज कोणाकडून आला तिथे जे दिसतं ते. मग मेसेजचा साचा मंजूर करून घ्यायचा. साच्याबाहेरचा मेसेज गेला तर तो अडतो. मार्च २०२१ मध्ये ही साचा-तपासणी पहिल्यांदा कडकपणे सुरू झाली तेव्हा अनेकांचे साचे जुळत नव्हते, देशभर ओटीपी अडकले आणि ट्रायला ती काही दिवस थांबवावी लागली होती. तुम्हाला आठवत असेल. प्रचाराच्या कॉलसाठी १४० चा नंबर लागतो. आणि संमतीही तिथेच नोंदवता येते : १२७ ने सुरू होणाऱ्या कोडवरून गिऱ्हाईकाला विचारणा जाते, त्याने 'हो' म्हटलं तर ती नोंद ऑपरेटरकडे राहते, आणि डीएनडी असूनही त्या दुकानाचा मेसेज त्याला पोहोचू शकतो. त्याने नंतर संमती मागे घेतली तर ९० दिवस त्याला पुन्हा विचारता येत नाही.

दादाच्या दुकानाला एवढा पसारा झेपण्यासारखा नव्हता. म्हणून त्याने ऑफरचे फोन करणंच सोडलं. त्याऐवजी काउंटरवर एक छोटं कार्ड ठेवलं, मराठीत. "चष्म्याच्या ऑर्डरबद्दल कळवण्यासाठी आम्ही तुमचा नंबर घेतो." खाली एक रिकामा चौकोन, "वर्षातून दोनदा ऑफर व्हॉट्सॲपवर पाठवल्या तर चालतील." टिक केली तर ठीक, नाही केली तरी चष्मा तसाच मिळणार. नंबरच द्यायचा नसेल तर तोही न देता बिल होतं. किरकोळ दुकानांनी मोबाईल नंबरची सक्ती करू नये असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार मंत्रालयाने २०२३ मध्येच सांगितलंय.

व्हॉट्सॲपच का? ट्रायचे हे नियम मोबाईल कॉल आणि एसएमएसचे आहेत, व्हॉट्सॲप त्यात येत नाही. पण म्हणून तिथे रान मोकळं नाही. डेटा कायदा तिथेही लागू असतो, लोक रिपोर्ट करतात आणि व्हॉट्सॲप नंबर बंद करतं. दादा ब्रॉडकास्ट लिस्ट वापरतो, जी फक्त त्यांनाच पोहोचते ज्यांनी त्याचा नंबर सेव्ह केलाय. मला ते आवडलं. समोरच्याने नंबर सेव्ह करणं हीच एक छोटी कृती आहे. सहा आठवड्यांत २१२ लोकांनी टिक केली. ३,५१० च्या मानाने चिमूटभर, पण यातल्या एकालाही "माझा नंबर कुठून मिळाला?" असं विचारायची वेळ येत नाही.

फोनवर बोलायची रीत

सेवेचा फोन असो वा रीतसर प्रचाराचा, मी त्या मुलींसोबत बसून चार गोष्टी ठरवल्या. पहिल्या वाक्यात स्वतःचं नाव, दुकानाचं नाव आणि काम. "कसे आहात सर, ओळखलंत का?" असली सुरुवात नाही. दुसरं, "आत्ता बोलता येईल का?" आणि उत्तराची वाट बघायची. तिसरं, "नंबर कुठून मिळाला?" असं विचारलं तर खरं सांगायचं, "तुम्ही २०२२ मध्ये चष्मा केला होता त्या बिलावरून." "सिस्टीममधून आला" हे उत्तर नाही. चौथं, "नको" म्हटल्यावर कारण विचारायचं नाही. "बरं, परत फोन येणार नाही, धन्यवाद," आणि फोन ठेवायच्या आधी 'नको' यादीत नोंद.

एक मुलगी म्हणाली, "दादा, खरं सांगू? नंबर कुठून मिळाला विचारलं की मलाच लाज वाटायची." ज्या फोनमध्ये या प्रश्नाचं उत्तर देताना लाज वाटते, तो फोन करायचाच नव्हता. एवढी सोपी कसोटी आहे.

आणि तुम्हाला असा फोन आला तर?

आता आपल्या नेहमीच्या बाजूला येऊया. डीएनडी लावायचं असेल तर १९०९ वर फोन करा किंवा एसएमएस पाठवा :

```
START 0
```

याने सगळ्या प्रकारचे प्रचार बंद होतात. सगळं नको, फक्त बँका आणि रिअल इस्टेट नको, असंही निवडता येतं. ट्रायच्या डीएनडी ॲपवरून ते सोपं पडतं. बँकेचे व्यवहाराचे मेसेज आणि ओटीपी यामुळे बंद होत नाहीत, ती भीती काढून टाका.

तक्रार सात दिवसांच्या आत करायची, त्याच ॲपवर किंवा १९०९ वर. तीन गोष्टी लागतात : कोणत्या नंबरवरून आला, कोणत्या तारखेला, आणि फोन कशाबद्दल होता ते एका ओळीत. "त्रास देतात" असं लिहू नका. "फ्लॅट विकण्यासाठी कॉल, कंपनीचं नाव अमुक" असं लिहा, कारण फोन व्यावसायिक होता हेच ऑपरेटरला तपासायचं असतं. आणि कोणी पैसे उकळायचा प्रयत्न करत असेल, पोलिसांच्या नावाने धमकावत असेल, तर तो टेलिमार्केटिंगचा विषयच नाही. पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३०. नुसता संशय असेल तर संचार साथीवरचं 'चक्षू'.

एक विनंती मात्र करतो. तक्रार करण्याआधी फोनवर एक वाक्य म्हणून बघा, "माझा नंबर तुमच्या 'नको' यादीत घाला." प्रामाणिक दुकान असेल तर तिथेच संपेल. पुन्हा फोन आला तर बिनधास्त तक्रार करा. माझ्या दादाविरुद्ध ज्या पाच जणांनी ती केली त्यांच्यावर माझा अजिबात राग नाही.

सोळाव्या दिवशी दादाचे फोन सुरू झाले. त्याने पहिला फोन केला तो एका आजींना. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचा चष्मा होता, बारा दिवसांपासून तयार. आजींकडे बटणाचा फोन, व्हॉट्सॲप नाही. दुसऱ्याच्या मोबाईलवरून दादाने तीनदा प्रयत्न केला होता, पण अनोळखी नंबर आजी उचलत नाहीत. आपणच सगळ्यांना तसं शिकवलंय ना! या वेळी दुकानाचा नंबर बघून त्यांनी लगेच उचलला. म्हणाल्या, "अरे, मला वाटलं तू विसरलास."

त्यांनी नंबर या एका फोनसाठी दिला होता. आणि सहाशे नको असलेल्या फोनांपायी नेमका तोच फोन अडकला.

चला, आज इथेच थांबतो. तुमच्या घरी किंवा ओळखीत कोणाचं दुकान, क्लास, क्लिनिक असेल तर हा एपिसोड त्यांना पाठवा, आणि एकदा विचारा की यादीतले नंबर कुठून आले. भेटू पुढच्या आठवड्यात!